पावलांचा आवाज ठेवा, माणसांचा बंद करा

*ताई, नमस्कार. माझा मुलगा सातवीत आहे. अभ्यास झाला की बीजीएमआय खेळतो. परवा त्याच्या हेडफोनची पिन निसटली आणि फोनच्या स्पीकरवर जे ऐकू आलं त्यानं मी हादरले. कुणीतरी मोठी मुलं त्याला हिंदीत आईवरून शिव्या देत होती, "ए छोटू, फोन मम्मी को दे" म्हणून हसत होती. आणि हा शांतपणे खेळत होता! म्हणाला, "आई, असंच असतं." आवाज बंद कर म्हटलं तर म्हणतो, पावलं ऐकू येत नाहीत, मग मी मरतो. रिपोर्ट कर म्हटलं तर म्हणतो, काही होत नाही. याचे बाबा म्हणतात गेमच उडवून टाकू. मला यातलं काही कळत नाही. काय करू?*
*— एक आई, बार्शी*

ताई, पावलांबद्दल तुमचा मुलगा खरं बोलतोय. बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ, आणि त्यात शत्रू डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना कळतो. जिन्यावर कुणी चढतंय, शेजारच्या खोलीचं दार उघडलं, डावीकडून गोळी आली, हे सगळं हेडफोनमधून येतं. फोनचा आवाज शून्यावर नेला तर तो आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा होईल. म्हणून "आवाज बंद कर" हे वाक्य त्याला पटत नाही आणि तो शिव्या सोसत बसतो.

पण त्या हेडफोनमधून दोन वेगळे आवाज येतात: एक खेळाचा आणि एक माणसांचा. या दोघांची बटणं वेगळी आहेत. सामना सुरू असताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात छोटा नकाशा दिसतो. त्याच्या जवळ दोन बारकी चिन्हं असतात, एक स्पीकरचं आणि एक माइकचं. स्पीकरवर बोट ठेवलं की ऑल, टीम आणि बंद असे पर्याय येतात. हा स्पीकर फक्त माणसांच्या बोलण्याचा आहे. तो बंद केला तरी पावलं, गोळ्या, गाडीचं इंजिन सगळं जसंच्या तसं ऐकू येतं. त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असूनही तो बंद करत नसेल तर त्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे येतेच.

आधी "ऑल"चं सांगते, कारण घाण सर्वांत जास्त तिथून येते. "टीम" म्हणजे फक्त आपल्या गटातले चौघे. "ऑल" म्हणजे आसपास जो असेल तो, शत्रूसुद्धा. विमानात बसायच्या आधी सगळे खेळाडू एका बेटावर जमतात, तिथे ऑल चालू असेल तर तो मिनिटभर बाजार भरल्यासारखा असतो. ज्यांना फक्त ओरडायचं असतं, ते तिथेच ओरडून घेतात. बारा वर्षांच्या मुलाला ऑलची गरज कधीच नसते. ते कायमचं बंद, यावर चर्चासुद्धा करू नका.

आता माइक. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते "ए छोटू". त्या मुलांना तो छोटू आहे हे कसं कळलं? टोपणनावावरून कळत नाही, गेममधल्या बाहुलीवरून कळत नाही. कळतं ते आवाजावरून. आवाज फुटायच्या आधीचं वय आहे, हिंदीत मराठी हेल आहे, मागे कुकरची शिट्टी वाजतेय, कुणीतरी त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारतंय. एवढ्यावरून समोरच्याला वय, भाषा, नाव आणि घरात कोण आहे हे समजतं. म्हणून ऐकणं बंद करण्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, त्याचा आवाज बाहेर जाणं थांबवणं महत्त्वाचं आहे.

गेममधलं माइकचं बटण तो एका बोटानं परत चालू करू शकतो, आणि खेळाच्या भरात करेलही. त्यामुळे हे काम फोनच्या सेटिंगमधून करा. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्ज, मग ॲप्स, त्यात हा गेम, त्यात परमिशन्स, त्यात मायक्रोफोन. तिथे परवानगी नाकारा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या खाली मायक्रोफोनची यादी असते, तिथे गेमसमोरचं बटण बंद करा. परवानगी काढल्यावर त्यानं गेममध्ये कितीही माइक दाबला तरी आवाज जात नाही. पडताळून बघायचं असेल तर नव्या अँड्रॉइड फोनवर सोपी खूण आहे: कोणतंही ॲप माइक वापरत असेल तेव्हा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका किंवा माइकचं हिरवं चिन्ह दिसतं. खेळताना ते दिसता कामा नये.

यावर तो म्हणेल, "मग मी टीमला सांगू कसं?" प्रश्न रास्त आहे. त्याला तयार संदेश वापरायला सांगा. एका बटणाखाली "समोर शत्रू आहे", "मला गोळ्या हव्यात", "इकडे या" अशा ओळींची यादी असते, बोट ठेवलं की सगळ्या गटाला जाते. नकाशावर खूण करता येते, दिसलेल्या शत्रूकडे किंवा बंदुकीकडे बोट दाखवणारी खूणही टाकता येते. कितीतरी चांगले खेळाडू अनोळखी गटात एक शब्द न बोलता असंच खेळतात. काही जण "भाई, माइक ऑन कर" म्हणून मागे लागतील. लागू देत. स्पीकर बंद असला की ते त्याला ऐकूच येणार नाही.

आणि आता तो बंद का करत नाही ते. मला वाटतं, त्याला गटात राहायचंय. सातवीतल्या मुलाला मोठी मुलं "आपल्यात" घेतात, भले शिव्या देऊन का होईना, यात त्याला थोडी शान वाटते. "असंच असतं" हे तो त्याच भाषेत बोलतोय. म्हणून नुसती बटणं बंद करून भागणार नाही, त्याला खेळायला दुसरी माणसं लागतील. ती त्याच्या वर्गातच आहेत.

सामना लावताना जिथे एकटा, दोघे की चौघे हे निवडतात, तिथेच रिकाम्या जागा अनोळखी खेळाडूंनी भरायच्या की नाही याची निवड असते. ऑटो मॅचिंग म्हणतात तिला. ती चालू असेल आणि तुमचा मुलगा एका मित्राबरोबर चौघांच्या सामन्यात गेला, तर उरलेले दोघे देशातल्या कुठल्याही कोपऱ्यातून येतात. त्या दोघांचं वय, वेळ, मनःस्थिती यावर तुमचा काहीही ताबा नाही. ही निवड बंद ठेवली तर तो आणि त्याचा मित्र असे दोघेच चौघांशी लढतील. याची किंमत आहे आणि ती त्याला आधीच सांगा: दोघांनी चौघांशी लढायचं म्हणजे हरणं वाढणार, वरची रँक सावकाश मिळणार. ते नको असेल तर दोघांच्या सामन्यात जा, किंवा वर्गातले चौघे जमतील तेव्हा खेळा. ओळखीच्या चौघांत मात्र टीमचा माइक चालू ठेवायला माझी हरकत नाही. सूरज, पटकन मागे ये, असं ओरडण्यातच तर मजा आहे. तेवढ्या वेळापुरती फोनमधली परवानगी तुम्ही द्या, आणि खेळ हॉलमध्ये बसून होऊ द्या.

रिपोर्टचं काय? "काही होत नाही" हे अर्धवट खरं आहे आणि त्यात बऱ्याचदा रिपोर्ट करणाऱ्याची चूक असते. परवाचाच प्रसंग घेऊन बघू या.

शिव्या सुरू झाल्या. पहिलं काम, रिपोर्ट करणं नाही, स्पीकर बंद. सामन्याच्या मधोमध कुणी फॉर्म भरत बसलं तर मरणारच, आणि तो चिडून उलट बोलला तर त्याच्याच नावावर तक्रार जाते. चौघांतला एकच जण त्रास देत असेल तर फक्त त्याला म्यूट करण्याची सोयही असते. ती कुठे आहे हे सराव मैदानात निवांतपणे आधी शोधून ठेवावं, गोळ्या चालू असताना नाही. मग सामना पुढे खेळावा. मध्येच बाहेर पडणं हा मार्ग मुलांना सुचतो, पण गटातले जिवंत असताना सोडून गेलं की मेरिट नावाचे गुण कमी होतात, आणि ते फार खाली गेले तर शिक्षा यालाच होते. शिव्या देणाऱ्याचं फावतं.

सामना संपला की निकालाचा पडदा येतो आणि तिथे सोबतच्या खेळाडूंची नावं असतात. घाईनं पुढे जायचं नाही. त्या नावाशी रिपोर्टचं बटण असतं. ते दाबल्यावर कारणांची यादी येते, आणि चूक होते ती इथे. रागाच्या भरात मुलं पहिलंच कारण दाबतात, ते बहुधा फसवणूक किंवा हॅकचं असतं. हॅकची तक्रार तपासताना त्या खेळाडूची नेमबाजी, धावण्याचा वेग, त्याच्या फोनमधलं काही बेकायदा सॉफ्टवेअर हे बघतात. तो हॅक करत नव्हता, शिव्या देत होता. त्यामुळे तक्रार तपासली जाते, काही सापडत नाही आणि बंद होते. आणि तुमचा मुलगा म्हणतो, काही होत नाही. शिवीगाळीचं जे कारण असेल तेच निवडायचं. लिहायला जागा असेल तर दोन ओळी पुरेत: "बेटावरून शेवटपर्यंत आईवरून शिव्या, आवाजात. लहान मुलाला उद्देशून." "हा फार वाईट आहे, बॅन करा" यातून तपासणाऱ्याला काहीच मिळत नाही.

निकालाचा पडदा निसटला तरी वाट बंद होत नाही. मागच्या सामन्यांच्या नोंदीत त्या खेळाडूचं नाव सापडतं, त्यावरून त्याची प्रोफाइल उघडते. तिथला आयडी, म्हणजे लांबलचक आकडा, टिपून ठेवायचा. नाव बदलता येतं, आकडा तोच राहतो. प्रोफाइलवरूनच त्याला ब्लॉक करायचं, म्हणजे निरोप आणि फ्रेंड रिक्वेस्ट येणं थांबतं. प्रकरण गंभीर असेल तर सेटिंग्जमधल्या कस्टमर सर्व्हिसकडे तो आकडा, सामन्याची तारीख-वेळ आणि पुरावा पाठवायचा.

पुराव्याबद्दल एक गोष्ट मुलांना ठाऊक नसते. लिहून दिलेल्या शिवीचा स्क्रीनशॉट पुरतो, पण बोललेल्या शिवीचं स्क्रीन रेकॉर्डिंग पुष्कळदा फसतं. अँड्रॉइडवर स्क्रीन रेकॉर्डरला खेळाचा आवाज मिळतो, पण संभाषण म्हणून चालणारा आवाज ही यंत्रणा मुळातच रेकॉर्डरला देत नाही. म्हणजे पाच मिनिटांचा व्हिडिओ बनतो, त्यात बंदुका ऐकू येतात आणि शिवी नेमकी गायब. म्हणून एकदा मित्राबरोबर आधीच करून बघा. आवाज येत नसेल तर हेडफोन काढून, दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करणं हा साधा उपाय. तुमचा फोन शेजारी ठेवून अर्ध्या मिनिटात काम होतं.

एवढं सगळं केल्यावर होतं काय? त्या खेळाडूचं बोलणं काही काळ बंद केलं जाऊ शकतं, प्रकार वारंवार झाला तर खातं बंद होऊ शकतं. एका तक्रारीवर दुसऱ्या दिवशी निकाल लागेल ही अपेक्षा ठेवू नका. चौघांतल्या तिघांनी त्याच सामन्याची तक्रार केली तर ती एकट्यापेक्षा जड पडू शकते, त्यामुळे सोबत मित्र असेल तर त्यालाही रिपोर्ट करायला सांगावं. आणि हेही खरं की ज्याचं खातं बंद झालं तो नवं उघडून परत येतो. म्हणून रिपोर्ट हा तुमच्या मुलाचा बचाव नव्हे. बचाव स्पीकर, माइक आणि ऑटो मॅचिंग या तीन ठिकाणी होतो. रिपोर्ट पुढच्या छोटूसाठी.

शिव्या देणाऱ्यांपेक्षा मला एका वेगळ्याच माणसाची जास्त काळजी वाटते. तो शिव्या देत नाही. उलट शिव्या देणाऱ्यांना गप्प करतो, तुमच्या मुलाला आपली चांगली बंदूक देतो, पडला तर उठवतो. सामना संपल्यावर फ्रेंड रिक्वेस्ट पाठवतो. दोन दिवसांनी म्हणतो, इथे नीट बोलता येत नाही, व्हॉट्सॲपवर ये, इन्स्टा दे. मग यूसी देतो म्हणतो. यूसी म्हणजे गेममधलं चलन, त्यावर कपडे आणि बंदुकांचे रंग मिळतात, आणि या वयाच्या मुलाला ते सोन्याहून प्रिय. कधी त्याला फक्त खातं चोरायचं असतं, म्हणून "लॉगिन दे, मी टाकतो" किंवा "ओटीपी सांग" येतं. कधी फोटो मागतो. मुलाला एकच खूण शिकवा: जो गेमच्या बाहेर बोलवतो, किंवा "घरी सांगू नकोस" म्हणतो, त्याच्याशी बोलणं तिथंच थांबवायचं आणि पडदा तुम्हाला दाखवायचा. इथे मात्र आधी ब्लॉक करू नका. आधी स्क्रीनशॉट, आयडीचा आकडा, फोन नंबर असेल तर तो, मग ब्लॉक.

लैंगिक बोलणं, फोटोची मागणी किंवा धमकी असेल तर तो गेम कंपनीचा विषय उरत नाही. मुलाशी लैंगिक हेतूनं बोलणं हा 2012 च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, ते प्रत्यक्ष भेटून बोललं की फोनवरून, यानं फरक पडत नाही. cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा, आणि मुलाला मदत हवी असेल तर 1098.

मुलाचं खातं कुणाच्या वयावर आहे तेही एकदा बघा. बंदीनंतर 2023 मध्ये हा गेम परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्या खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. पण ती नोंदवलेल्या वयावर चालते. जन्मसाल बाबांचं टाकलं असेल तर गेमच्या लेखी तो चाळिशीचा गृहस्थ आहे. खोटं वय निघालं तर आरडाओरडा न करता तुमच्या नंबरवर, खऱ्या वयाचं खातं उघडून द्या. जुन्या खात्यातली रँक आणि कपडे जातील, रडारड होईल, तेवढी सोसा.

याच्या बाबांना सांगा, गेम उडवायचा असेल तर तो तुमचा हक्क आहे आणि सातवीतल्या मुलाला हा गेम नकोच असं कुणी ठरवलं तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. पण या घटनेवरून, या आठवड्यात उडवू नका. पिन निसटली म्हणून तुम्हाला कळलं, त्यानं लपवलं नव्हतं. त्याची शिक्षा म्हणून गेम गेला तर पुढच्या वेळी तो मित्राच्या फोनवर खेळेल आणि तो चांगुलपणा दाखवणारा माणूस तुम्हाला कधीच दिसणार नाही. त्याऐवजी बाबांनी रविवारी त्याच्या शेजारी बसून तीन-चार सामने बघावेत. मुलगाही त्याच भाषेत बोलायला लागलाय का, तेही तेव्हाच कळेल. लागला असेल तर दचकू नका, पण त्याला स्पष्ट सांगा की रिपोर्टचं बटण समोरच्याकडेही असतं.

आणि मोठं अपडेट आलं, फोन बदलला किंवा गेम काढून पुन्हा टाकला, की त्याच दिवशी ऑल, माइकची परवानगी आणि ऑटो मॅचिंग परत तपासा. नव्यानं टाकलेला गेम पहिल्यांदा उघडताना माइकची परवानगी मागतो, आणि खेळायच्या घाईत "अलाऊ" कोण दाबणार हे तुम्हाला माहीत आहेच.